मदत हवी आहे: वर्षभराच्या कामाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ कसा जुळवावा?

माळरान
पारनेर तालुक्यात आमची छोटी नोंदणीकृत संस्था आहे. अभ्यासिका, उन्हाळी शिबिर आणि लांबून शाळेत येणाऱ्या मुलींना सायकली, एवढेच आमचे काम आहे. वार्षिक सभेसाठी आणि देणगीदारांना पाठवण्यासाठी सुमारे दोन मिनिटांचा व्हिडिओ करायचा आहे. फोटो कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सॲप गटांत विखुरलेले आहेत, आकडे तीन वेगळ्या रजिस्टरांत आहेत आणि पालकांचे बोलणे व्हॉइस नोटमध्ये आहे. अभ्यासिकेत ४६, शिबिरात ३८ आणि सायकली १२, म्हणजे एकूण ९६ लाभार्थी असे लिहावे काय? आणि सुरुवात कोठून करावी?

रानपाखरू
आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवाचा व्हिडिओ मी मोबाइलवरच केला होता. सगळे फोटो ॲपमध्ये टाकले, वर एक गाणे लावले आणि अर्ध्या तासात काम झाले. एवढा विचार कशाला?

जुना_संकलक
सोसायटीच्या व्हिडिओत आकडा चुकला तर कोणी हिशेब मागत नाही, देणगीदार मात्र मागतो. माळरान, ९६ लिहू नका. तिन्ही रजिस्टरांतली नावे, गाव आणि इयत्ता एका तक्त्यात उतरवा व एकच मूल दोनदा आले आहे का ते पाहा. आडनावे तीच तीच असतात, म्हणून केवळ नावावर विसंबू नका. शिवाय अभ्यासिकेचे रजिस्टर जूनपासूनचे असेल आणि लेखापरीक्षण एप्रिल ते मार्चचे, तर कोणते वर्ष मोजले हे पडद्यावर लिहिणे भाग आहे.

माळरान
तक्ता केला. शिबिरातील ३८ पैकी २७ मुले अभ्यासिकेतलीच निघाली आणि सायकल मिळालेल्या १२ पैकी ८ मुलींची नावे आधीच आली होती. म्हणजे ४६ अधिक ११ अधिक ४, एकूण ६१. अध्यक्षांना हा आकडा लहान वाटतो.

जुना_संकलक
६१ च ठेवा, हवे तर तिन्ही कामांचे आकडे वेगवेगळे दाखवा, फक्त त्यांची बेरीज करू नका. आता निवेदन. मराठी निवेदन सावकाश वाचले तर मिनिटाला साधारण ११० शब्द होतात, म्हणून पालकांच्या आवाजासह सगळा मजकूर दोनशे शब्दांच्या आसपास बसवावा लागेल. तीन कामांना सारखा वेळ देण्यापेक्षा सायकलींना कणा करा आणि उरलेली दोन कामे थोडक्यात आटपा. आधी आवाजाची पट्टी पूर्ण करावी आणि मगच तिच्यावर फोटो बसवावेत. एका फोटोला चार-पाच सेकंद धरले तर पंचवीस-तीस फोटो पुरतात, बाकीचे शेकडो फोटो बाजूला ठेवायचे धैर्य मात्र हवे.

निंबोणी
फोटोंच्या तारखा फाइलच्या नावातच असतात, त्यावरून क्रम लावता येईल.

जुना_संकलक
अर्धेच खरे आहे. `IMG-20250118-WA0007.jpg` या नावातली तारीख फोटो व्हॉट्सॲपवर आल्याची असते, काढल्याची नव्हे. जूनचा फोटो कोणी जानेवारीत पाठवला, तर तो जानेवारीतच जाऊन बसतो. निवडलेले फोटो मूळ फोनमधून ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, कारण साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू बहुधा १६०० पिक्सेलच्या आसपास उरते. असा उभा फोटो १२०० रुंदीचा असतो. तो १९२० रुंदीच्या आडव्या चौकटीत भरला की दीडपटीहून अधिक ताणला जातो, धूसर दिसतो आणि वरची डोकी कापली जातात. त्यापेक्षा दोन उभे फोटो शेजारी ठेवले तर ते जवळजवळ पूर्ण चौकट भरतात.

निंबोणी
मान्य. मुलींचे चेहरे धूसर केले की संमतीचा प्रश्न मिटतो ना?

जुना_संकलक
गणवेशावरचे शाळेचे नाव, गावाची पाटी आणि आईचा आवाज तसाच राहतो, मग गावात ओळख पटायला वेळ लागत नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती बालक धरली आहे व तिच्यासाठी पालकांची संमती अपेक्षित आहे. व्हिडिओ सभेत दाखवणार की इंटरनेटवर टाकणार, हे पालकांना वेगवेगळे विचारा. आणि चित्रपटातले गाणे लावू नका. तीस सेकंदांपर्यंत चालते हा समज निराधार आहे.

माळरान
शेवटचा प्रश्न. एक आई व्हॉइस नोटमध्ये म्हणते, “आधी पोरगी यायची तर दिवे लागलेले असायचे, आता धारा काढायच्या वेळेला घरी असते.” मागे गोठ्यातला आवाज आहे. सभासदांचा आग्रह आहे की हे शुद्ध भाषेत निवेदिकेकडून वाचून घ्यावे.

रानपाखरू
आता आले लक्षात. हे वाक्य मी तरी तसेच ठेवले असते.

निंबोणी
पण पुण्या-मुंबईच्या देणगीदारांना गोठ्याच्या आवाजात शब्द कळतील का?

जुना_संकलक
खाली तिचेच शब्द अक्षरांत द्या, म्हणजे कळतील. मात्र ध्वनिमुद्रण फारच अस्पष्ट असेल, तर तिच्याकडूनच पुन्हा म्हणवून घ्यावे की नाही, याबद्दल माझे मत पक्के नाही. दुसऱ्यांदा बोलताना माणसे भाषण करू लागतात, असा माझा अनुभव आहे.

माळरान
रविवारी त्यांच्या घरी जाणार आहे. संमतीही तेव्हाच विचारतो.