फॉर्टीतला यू कुठे गेला?

मोगरा: सोसायटीचा चाळीस हजारांचा चेक लिहिताना अक्षरी रकमेत मी ‘फोर’ पूर्ण लिहून पुढे टी-वाय जोडलं. खजिनदारांनी चेक परत दिला. फोर, फोर्थ, फोर्टीन या सगळ्यांत यू आहे. मग फॉर्टीतच का नाही?

सातारकर: यू गाळणं अमेरिकन असावं, कलरसारखं. आपण ब्रिटिश पद्धत मानतो, म्हणजे तुमचं बरोबर.

शब्दवेडा: कलरचं खरं आहे, पण इथे ते लागू नाही. लंडनमध्येही फॉर्टीत यू लिहीत नाहीत. यूवालं रूप पूर्वी खरोखर होतं आणि अठराव्या शतकापर्यंत दिसतं. बिनयूचंही शेजारी चालत होतं, पुढे तेच टिकलं. चौदा रात्रींवरून आलेल्या फोर्टनाइटमधलाही यू असाच गळला. उच्चारावरून ओळखायला जाल तर फसाल, कारण फोर्टीन आणि फॉर्टी यांची सुरुवात आज बहुतेक इंग्रज सारखीच उच्चारतात.

आजोळ: माझ्या नातवाला चव्वेचाळीस लिहिता येत नाही, तो ‘चौवेचाळीस’ लिहितो. चालेल का?

शब्दवेडा: चव्वेचाळीसच लिहायला सांगा. विषय इंग्रजीचा आहे, पण बघा, आपल्या चाळीसमध्येही चारचा र उरलेला नाही.

मोगरा: आणि इंग्रजीतला ‘आठवा’? तिथे तर दर वेळी अक्षरं मागेपुढे होतात.

शब्दवेडा: ‘एट’ची पाचही अक्षरं लिहा आणि पुढे फक्त एच लावा. बोलताना ट आणि थ दोन्ही येतात, पण लिहिताना दोन टी शेजारी ठेवत नाहीत, एकच दोघांचं काम करतो. एटीनला एट लिहून ई-ई-एन, एटीला एट लिहून वाय. तिन्हींत नवा टी घालायचा नाही. नववा मात्र उलट वागतो: नाइनचा शेवटचा ई नाइन्थमध्ये गळतो, पण नाइन्टीन, नाइन्टी आणि नाइन्टिएथमध्ये राहतो.

सातारकर: ई गेला तर ‘निन्थ’ वाचायला नको का?

शब्दवेडा: अक्षरांवरून तसंच वाटतं. म्हणूनच लोक ई परत घालतात. नाइन्टीत राहिला आणि नाइन्थमध्ये गेला, याला मला पटेल असं कारण अजून मिळालेलं नाही.

निवृत्त रोखपाल: मोगराताई, तो यू खोडू नका. चेकवर तारखेची मुदत वाढवणं सोडून दुसरी दुरुस्ती क्लिअरिंगला चालत नाही. अंक आणि अक्षरं जुळली नाहीत, तर 1881च्या कायद्याच्या कलम 18 प्रमाणे अक्षरी रक्कम धरतात. तुमच्या यूमुळे रक्कम बदलत नाही, मी असे चेक पास केलेत. पण माझ्या शेजारच्या काउंटरवरचे परत करायचे, आणि आमचं त्यावर कधी एकमत झालं नाही.

मोगरा: मग नवाच लिहिते. मराठीत ‘चाळीस हजार फक्त’ लिहिलं तर?

निवृत्त रोखपाल: चालतं. मी स्वतः तसंच लिहितो.