गॅलरीतून उडवलेले चॅटचे स्क्रीनशॉट टॅबवर दिसतात. कायमचे कसे काढायचे?

अबोली_के
मागच्या वर्षी माझ्या एका मैत्रिणीचा संसार मोडत होता. रात्री-बेरात्री ती मला लिहायची आणि पुढे लागेल म्हणून मी त्या चॅटचे स्क्रीनशॉट काढून ठेवायचे. साधारण ४०० झाले. आता सगळं मिटलंय आणि तिनेच ते काढून टाकायला सांगितलंय. मी सॅमसंगच्या गॅलरीत जाऊन स्क्रीनशॉटचा अख्खा फोल्डर उडवला, गॅलरीची कचरापेटीही रिकामी केली. काल मुलगा (वय १४) टॅबवर शाळेचा एक फोटो शोधत होता, तर त्याला हे सगळे दिसले. टॅबवर माझंच गूगल खातं आहे. दोन वाक्यं त्याने वाचलीसुद्धा. मला रात्रभर झोप नाही.
पैसे खर्च करायचे नाहीत, नवं ॲप नको, लॅपटॉप नाही. फोनवरून काय करता येईल ते सांगा.

धुळेकर
ताई, ॲपलचा फोन घ्या. माझ्याकडे डिलीट केलं की सगळीकडून जातं, टॅबवरूनही. Recently Deleted मध्ये ३० दिवस राहतं, तेही चेहरा दाखवल्याशिवाय उघडत नाही. सहा वर्षांत एकदाही असा त्रास झाला नाही.

निशिगंध
गूगल फोटोजमध्ये Free up space आहे, ते दाबा. माझे ११ जीबी एका मिनिटात साफ झाले. दर रविवारी करते.

मधुकर_पां
व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये Media visibility बंद करा. सगळ्याचं मूळ तिथे आहे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपचे फोटो तेव्हापासून गॅलरीत येत नाहीत.

रानवाट
पांडे काका, ते सेटिंग आपल्याला आलेल्या फोटोंसाठी आहे. अबोलीताईंनी स्वतः काढलेल्या स्क्रीनशॉटचा त्याच्याशी संबंध नाही.
आणि निशिगंध, तुमचा सल्ला इथे उलटा पडेल. Free up space फोनवरची प्रत काढतं आणि ढगातली ठेवतं. ताईंच्या फोनवरून ते आधीच गेलेत, उरलेत ते फक्त ढगात.

ताई, प्रत्येक स्क्रीनशॉटच्या दोन प्रती होत्या, एक फोनमध्ये आणि एक गूगल फोटोजच्या खात्यात. सॅमसंगची गॅलरी फक्त पहिली काढते. दुसरी गूगल फोटोज ॲपमधूनच काढावी लागते. टॅब तीच दुसरी प्रत दाखवतोय.

आधी गळती बंद करा. फोटोज ॲप, वर उजवीकडे तुमचं चित्र, Photos settings, Backup, Back up device folders. तिथे Screenshots समोरचं बटण चालू असणार, ते बंद करा. कॅमेऱ्याच्या फोटोंचा बॅकअप चालूच राहतो. पण एवढ्याने आधी वर गेलेले जात नाहीत, फक्त नवे जायचे थांबतात. बरेच जण इथेच थांबतात.

मग त्याच ॲपच्या शोधात Screenshots टाइप करा. एका फोटोवर बोट दाबून धरा आणि न उचलता खाली ओढत न्या, ओळीच्या ओळी निवडल्या जातात. ४०० एकदम नको, पन्नास-पन्नास करा, नाहीतर मध्येच एखादं तिकीट किंवा पावती सोबत जाते. मग डिलीट. हे सगळे Bin मध्ये जातात आणि बॅकअप झालेला फोटो तिथे ६० दिवस राहतो. Bin रिकामी केली की मग कुणालाच परत आणता येत नाहीत.

धुळेकर
म्हणजे ॲपलसारखंच झालं की.

रानवाट
iCloud बद्दल तुमचं बरोबर आहे. पण तुमच्या फोनवर गूगल फोटोजही टाकलेलं असेल आणि त्याचा बॅकअप चालू असेल, तर तिथे वेगळी प्रत आहे. एकदा उघडून बघा.

धुळेकर
बघितलं. २०१९ पासूनचे आहेत. सांगितलंत ते बरं केलंत.

वकीलसाहेब_नगर
काहीही उडवू नका. उद्या पोटगीचा वाद पुन्हा उभा राहिला तर? माझ्या एका अशिलाने सगळं पुसून टाकलं आणि पस्तावला. मात्र नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबूनही चालत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र लागतं. मूळ चॅट फोनमध्ये शाबूत असणं स्क्रीनशॉटपेक्षा मोलाचं आहे.

निशिगंध
वकीलसाहेब, चॅट दोघींचं आहे. तिने सांगितलंय ना काढायला? मग प्रश्नच नाही.
मी दरमहा १३० रुपये भरून १०० जीबी घेतलेत. जागा भरपूर असली की डिलीट करायची वेळच येत नाही.

रानवाट
इथे प्रश्न जागेचा नाही, नको त्याच्या नजरेला पडण्याचा आहे.

सागरगोटा
गूगल ड्राइव्हमध्येही बघा, तिथे Google Photos नावाच्या फोल्डरमध्ये प्रती पडतात.

रानवाट
ते पूर्वीचं. जुलै २०१९ पासून ड्राइव्ह आणि फोटोज एकमेकांशी जोडलेले नाहीत. त्याआधीचा फोल्डर कुणाकडे असेल तर तो तसाच राहिलाय, पण ताईंचे स्क्रीनशॉट मागच्या वर्षीचे आहेत.

अबोली_के
रानवाट, मनापासून आभार. Screenshots बंद केलं. शोधात ३७० च्या आसपास आले, ते Bin मध्ये टाकले. पण काही अजून टॅबवर आहेत. कडा कापून ठेवलेले, आणि मैत्रिणीने तिच्याकडून काढून मला पाठवलेले.

रानवाट
व्हॉट्सॲपवर आलेला स्क्रीनशॉट Screenshots फोल्डरमध्ये पडत नाही, तो WhatsApp Images मध्ये जातो. Back up device folders मध्ये तोही चालू असणार, बंद करा. उरलेले शोधायला चॅटमधला एखादा शब्द शोधात टाका. फोटोतली अक्षरं गूगल वाचतं. मात्र माझ्याकडे देवनागरी शब्द धड सापडले नाहीत, इंग्रजी लिपीतले सापडले. तुम्ही मिंग्लिशमध्ये लिहीत असाल तर सोपं जाईल. नाहीतर त्या महिन्यांपर्यंत हाताने सरकत जा.
हे फोनवरही असतील तर फोटोज ॲप डिलीट करताना दोन्ही प्रती काढतं. Delete from device मात्र निवडू नका, त्याने ढगातली प्रत तशीच राहते. खात्री करायची तर फोटो उघडून वर सरकवा. बॅकअप झाला असेल तर खाली तसं लिहिलेलं असतं. शेवटी क्रोममध्ये photos.google.com उघडून तोच शोध पुन्हा घ्या. तिथे ढगातलंच दिसतं, फोनमधलं मिसळत नाही.

मधुकर_पां
माझ्या नातीने माझ्या फोनवर पार्टनर शेअरिंग लावलंय. माझे फोटो तिला जातात. मी डिलीट केले तर?

रानवाट
तिने तिच्या खात्यात सेव्ह केले असतील तर ती प्रत तिची. तुमच्या डिलीटने जाणार नाही. अबोलीताई, तुमचंही कुणाशी शेअरिंग आहे का बघा. आणि आता Bin रिकामी करा, कारण टॅबवरही Bin उघडता येते.

निशिगंध
+१. लगेच रिकामी करा.

सागरगोटा
हो, ६० दिवस कशाला वाट बघायची.

अबोली_के
शेअरिंग कुणाशीच नाही. शब्द टाकून आणखी २६ सापडले. रोमन लिपीतलेच.
Bin मी रिकामी करणार नाही. वकीलसाहेबांचं बोलणं मैत्रिणीला वाचून दाखवलं, ती म्हणाली दोन आठवडे विचार करते. त्यामुळे ६० दिवस असू देत, तिने सांगितलं तर तेवढेच परत आणेन. आज टॅबवरून माझं खातं काढलं आणि मुलाला त्याचं वेगळं खातं करून दिलं. त्याने काय वाचलं, ते मात्र मी अजून विचारलेलं नाही.

वकीलसाहेब_नगर
योग्य केलंत. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, ६० दिवसांनंतर मागता येणार नाहीत.

सागरगोटा
टॅबवरून खातं काढलं की त्यावरचे शाळेचे फोटोही गेले का?

अबोली_के
ढगातले दिसायचे बंद झाले. टॅबच्या कॅमेऱ्याने काढलेले त्यातच आहेत.