सपोर्ट टीमचे केपीआय: आधी इशारा देणारे की नंतर निकाल सांगणारे?

पहिली तिमाही: १४ जणांची सपोर्ट टीम नुकतीच माझ्याकडे आली आहे. आजवर सीसॅट, म्हणजे ग्राहकांच्या समाधानाचे गुण, आणि सरासरी रिझोल्यूशन टाइम, म्हणजे टिकेट सुटायला लागणारा वेळ, हे दोनच केपीआय होते. दोन्ही लॅगिंग, घडून गेल्यावर कळणारे. म्हणून पहिल्या उत्तराचा वेळ हा आधीच इशारा देणारा लीडिंग इंडिकेटर घेऊन त्याला एक तासाचं बंधन घालावं असं वाटतंय. तुमचं मत?

रोखठोक: माझा विरोध. आम्ही नेमकं हेच केलं होतं. तीन आठवड्यांत आकडा हिरवा झाला, कारण प्रत्येक टिकेटवर "तपासत आहोत, लवकरच कळवतो" एवढंच जायला लागलं. मग दोन दिवसांनी ग्राहक "काय झालं?" म्हणून पुन्हा लिहायचे आणि तेही आम्हालाच वाचावं लागायचं. लीडिंग आकडा माणसाच्या हातात असतो, म्हणून तो वाकवता येतो. सीसॅट वाकत नाही. फक्त तोच ठेवा.

आकडेमोड: कोऱ्या उत्तरांबद्दल तुमचं म्हणणं अगदी खरं आहे, पण सीसॅटही वाकतो. बहुतेक ठिकाणी सर्व्हे टिकेट बंद झाल्यावर जातो. जो ग्राहक अजून ताटकळतोय, त्याला कुणी विचारतच नाही. शिवाय एका एजंटला महिन्याला २० प्रतिसाद आले, तर एका चिडलेल्या ग्राहकाने त्याचा आकडा ५ टक्क्यांनी पडतो. त्यावर माणूस तोलू नये.

मला जास्त खटकतो तो सरासरी रिझोल्यूशन टाइम, कारण तो फक्त बंद झालेली टिकेटं मोजतो. समजा रोज २०० टिकेटं येतात आणि १९० बंद होतात. कामाच्या २० दिवसांत २०० साचली, म्हणजे अख्ख्या एका दिवसाचं काम. तरी एजंट सोपी आधी उचलत असतील, तर बंद झालेल्या ३,८०० टिकेटांची सरासरी एक दिवसच दिसेल. पुढच्या महिन्यात कुणी मनावर घेऊन, नेहमीच्या ३,८०० बरोबर २० दिवस जुनी १५० टिकेटंही निपटली, की सरासरी १.७ दिवसांवर जाते. चांगलं काम केलं त्याच महिन्यात आलेख बिघडतो आणि बैठकीत बोलणी खावी लागतात! पुढच्या वेळी जुन्या टिकेटाला कोण हात लावेल?

म्हणून मी उघड्या टिकेटांचं वय बघतो. रोज सकाळी ठरलेल्या वेळी मोजायचं: टीमचं खरं उत्तर न मिळता ४८ तास उलटलेली टिकेटं किती? "तपासत आहोत" हे खरं उत्तर धरायचं नाही. ते मॅक्रोने, म्हणजे साठवलेल्या तयार उत्तराने, जात असेल, तर गाळणं सोपं आहे.

रात्रपाळी: आमच्याकडे हे चालणार नाही. आम्हाला ८० टक्के कॉल २० सेकंदांत उचलायचे असतात, आणि वर कॉलची लांबी कमी ठेवायची. मी ग्राहकाला नीट समजावत बसले की माझाच आकडा लाल होतो. घाईत ठेवलेला कॉल दुसऱ्या दिवशी दुसरीच्या माथी येतो.

आकडेमोड: फोनचं गणित वेगळं, तिथे ताटकळलेला माणूस रांगेत साचून राहत नाही, तो कॉल सोडून जातो. घाईत ठेवलेले कॉल पकडायला तुमच्याकडे त्याच कारणासाठी सात दिवसांत परत आलेले कॉल मोजायला हवेत. कॉलची लांबी रोस्टर लावायला उपयोगी, माणूस जोखायला नाही.

रोखठोक: ४८ तासांचा आकडाही वाकेल. ४७व्या तासाला हाताने टाइप केलेलं पोकळ उत्तर जाईल. मग काय कराल?

आकडेमोड: जाईल, नाकारत नाही. म्हणून दर आठवड्याला अशी २० उत्तरं मी स्वतः वाचतो, आणि पुन्हा उघडलेल्या टिकेटांचं प्रमाण शेजारी ठेवतो. साचलेलं वय कमी झालं पण दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा उघडणं वाढलं, तर तो इशारा खोटा होता. सीसॅट मी काढत नाही. तो संपूर्ण टीमचा, तिमाहीचा ठेवतो, इशारा खरा निघाला का ते तपासायला.

रोखठोक: तपासणीपुरता मान्य. पण बोनस कशावर द्यायचा? ४८ तासांवर दिलात, तर तुमची २० उत्तरं पुरणार नाहीत. माझं मत अजून तेच, पैसा निकालावरच.

पहिली तिमाही: एक तासाचं बंधन सोडून देतो. आज सकाळी मोजलं, तर ४८ तास उलटलेली ६३ निघाली. पण त्यातली ४१ इंजिनिअरिंगकडे बग म्हणून अडकली आहेत. ती माझ्या टीमच्या नावावर धरायची का?

आकडेमोड: दुरुस्ती तुमच्या हातात नाही, पण ग्राहकाला "बग सापडला, पुढची खबर गुरुवारी देतो" असं कळवणं आहे. तेवढ्यापुरती धरा. गुरुवार उलटला आणि खबर गेली नाही, की ते टिकेट तुमचं.

रात्रपाळी: आणि इंजिनिअरिंगने गुरुवारीही काहीच सांगितलं नाही, तर एजंटने लिहायचं काय?