फोन ओळखता येतो, पण कुणाचा?

"ब्राउझर पाठवतो त्या युजर एजंटमधून फोन कळतोच, मग मदतीच्या पानावर 'फोन कोणता?' असं माणसाला विचारून कशाला थांबवायचं?"

पानाची मांडणी लहान-मोठी करायची असेल तर विचारूच नका, ते सीएसएसचं काम आहे. पण कंपनीनुसार सेटिंगच्या पायऱ्या दाखवायच्या असतील तर अंदाजावर भागत नाही. अँड्रॉइडवरचं क्रोम 2023 पासून मॉडेल लपवतं. फोन कुठलाही असो, `Android 10; K` एवढंच हाती येतं. `getHighEntropyValues` वापरून मॉडेल मागता येतं, पण फायरफॉक्स आणि सफारीत ती सोय नाही.

आणि मॉडेल अचूक कळलं तरी आमच्या परभणीकडे खरा घोळ पुढेच होतो. शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरचं अ‍ॅप असतं, लाइट आली की सूचना येते. ती यायची बंद झाली की मदतीचं पान उघडतो पुतण्या, स्वतःच्या सॅमसंगवर. पान सांगतं, स्लीपिंग अ‍ॅप्सच्या यादीतून अ‍ॅप काढा. काकांचा फोन मात्र शाओमीचा, तिथं ऑटोस्टार्ट चालू करायला हवं. काका बिचारे त्यांच्या फोनमध्ये नसलेली यादी शोधत बसतात, आणि तिकडं लाइट येऊन जाते.

म्हणून "अ‍ॅप कोणत्या फोनवर आहे?" असं सरळ विचारा आणि चार-पाच कंपन्यांची बटणं द्या. ओळखलेली कंपनी सगळ्यात वर ठेवा, पण आधीच निवडून ठेवू नका. लोक न वाचता पुढं जातात. "माहीत नाही" हेही बटण हवंच. ते दाबलं की सेटिंगमधलं 'फोनबद्दल' कसं उघडायचं ते दाखवा.