‘समतोल स्थिरांक’: समतोल कशाचा आणि स्थिर काय?

राजारामपुरी_शिकवणी
अकरावीच्या मुलांना रसायनशास्त्राची टिपणं मराठीतून काढून देते. बरीचशी मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली आहेत. परवा एका मुलीनं लिहिलं, “समतोल म्हणजे दोन्ही बाजूंचे पदार्थ सारखे होणे. समतोल स्थिरांक मोठा असेल तर अभिक्रिया जोरात होते.” दोन्ही वाक्यं चुकीची आहेत, पण मुलगी हुशार आहे. शब्दांनी तिला जिकडं नेलं तिकडं ती गेली, असं मला वाटतं. समतोल म्हटलं की आपल्याला तराजूची आडवी दांडी दिसते, दोन्ही पारड्यांत सारखं वजन. या शब्दाचा अर्थ मुलांपर्यंत नीट कसा पोचवावा? याहून बरा शब्द कुणाला माहीत आहे का?

शब्दांचा_नाद
‘समतोल’ बरोबर आहे, ‘समतोलन’ लिहू नये. स्थिर अधिक अंक, सवर्णदीर्घ संधी होऊन स्थिरांक. गुणांक, द्रवणांक, निर्देशांक हे त्याचेच भाऊबंद. समासात जोडून लिहायचं की तोडून, एवढाच प्रश्न उरतो. मी तोडून लिहितो.

राजारामपुरी_शिकवणी
धन्यवाद, पण शुद्धलेखनाबद्दल शंका नव्हती. या शब्दानं जी संख्या सांगितली जाते ती मोठी किंवा अगदी लहान असली तर त्यातून नेमकं काय समजायचं, ते विचारतेय.

उचगाव_प्लांट
मी केमिकल कंपनीत शिफ्टला असतो. मॅडम, सोपं आहे. K खूप मोठा असेल तर अभिक्रिया पूर्ण होते, खूप लहान असेल तर होतच नाही. एकच्या आसपास असेल तर अर्धवट. वेगाचा संबंध नाही हे तुमचं बरोबर. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी होण्याचा K 25 °C ला 10⁸³ च्या घरात आहे, तरी दोन्ही वायू एका भांड्यात नुसते भरून ठेवले तर वर्षानुवर्षं तसेच राहतील. ठिणगी लागते, नाहीतर प्लॅटिनमसारखा उत्प्रेरक.

हुपरीकर
मी सायन्सचा न्हाई, पण हे वाचून थांबलो. आमचा चांदीचा व्यवसाय आहे, तिसरी पिढी. कानस मारलेला चुरा आणि कारखान्यातली झाडझूड साठवून आम्ही नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवतो, गाळतो आणि मिठाचं पाणी घालतो. दह्यागत पांढरा साका बसतो. त्याच्यापासनं परत चांदी काढायची. उचगावच्या दादांना विचारायचंय, हा साका पाण्यात विरघळण्याचा K लहान असणार की? मग तोच साका अमोनियाच्या पाण्यात घातला की बघता बघता गायब हुतो. K लहान म्हंजे होतच न्हाई, तर हे कसं?

आणि एक. वडील म्हणायचे, “मीठ हात राखून घाल.” मी समजायचो म्हातारं कंजूष हाय, मीठ ते केवढ्याचं!

निवृत्त_प्रयोगशाळा
हुपरीकर, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. मॅडमच्या मुलांना तुमचा साकाच दाखवावा. सावकाश लिहितो.

तुमचा पांढरा साका म्हणजे सिल्व्हर क्लोराइड. तो पाण्यात टाकला की त्यातले चांदीचे आणि क्लोराइडचे आयन थोडे थोडे सुटत राहतात, आणि पाण्यातले आयन परत साक्यावर बसत राहतात. सुटण्याचा आणि बसण्याचा वेग एक झाला की वरून सगळं शांत दिसतं. ‘समतोल’ आहे तो या दोन वेगांचा. पदार्थ सारखे झालेले नसतात. साका किलोभर आणि विरघळलेला भाग चिमटीतही न येणारा, तरी समतोल आहेच.

आता ‘स्थिर’ काय? पाण्यातल्या चांदीच्या आयनांची संहती गुणिले क्लोराइडची संहती, हा गुणाकार. 25 °C ला तो असा येतो:

[Ag⁺] × [Cl⁻] = 1.8 × 10⁻¹⁰

साका या सूत्रात नाही, कारण तो घन आहे. तळाशी चमचाभर असो की घमेलंभर, गुणाकार तोच. साध्या पाण्यात दोन्ही आयन सारखे सुटतात, म्हणून वर्गमूळ काढलं की लिटरमागं सुमारे 1.3 × 10⁻⁵ मोल मिळतात. वजनात सांगायचं तर लिटरभर पाण्यात जेमतेम १.९ मिलिग्रॅम साका विरघळतो, आणि त्यात चांदी दीड मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे ‘होतच नाही’ असं नाही. होतं, पण इतकंच होऊन थांबतं.

हेच समीकरण उलटं लिहा. आयन एकत्र येऊन साका बनतो असं लिहिलं की K होतो 5.6 × 10⁹, म्हणजे प्रचंड मोठा. भांडं तेच, पाणी तेच, चांदी तीच. म्हणून K मोठा की लहान हे समीकरण कुठल्या बाजूनं लिहिलंय ते पाहिल्याशिवाय बोलू नये. मुलं इथं हमखास घसरतात.

उचगाव_प्लांट
मान्य, ‘होतच नाही’ हे जरा ढोबळ झालं. पण अमोनियाचं काय? साक्याचा K तर बदलला नाही ना?

निवृत्त_प्रयोगशाळा
बदलला नाही. अमोनिया सुटलेल्या चांदीच्या आयनाला दोन्ही बाजूंनी धरतो. त्या बांधणीचा K आहे 1.7 × 10⁷ च्या आसपास. चांदीचे मोकळे आयन कमी झाले की गुणाकार 1.8 × 10⁻¹⁰ च्या खाली जातो, तो भरून काढायला साका आणखी आयन सोडतो, अमोनिया तेही धरतो. दोन्ही पायऱ्या मिळून एक समीकरण लिहिलं तर त्यांच्या K चा गुणाकार करायचा:

AgCl + 2NH₃ ⇌ [Ag(NH₃)₂]⁺ + Cl⁻
K = 1.8 × 10⁻¹⁰ × 1.7 × 10⁷ ≈ 0.003

हा आकडा एकपेक्षा लहानच आहे. उचगावच्या नियमानं अमोनियात काही विरघळायला नको. हिशेब करून बघू. लिटरला एक मोल अमोनिया घेतला आणि x मोल साका विरघळला, तर दोन्ही उत्पादितं x आणि अमोनिया उरला 1 − 2x. x² भागिले (1 − 2x)² बरोबर 0.003. दोन्ही बाजूंचं वर्गमूळ घेतलं की x भागिले (1 − 2x) बरोबर 0.055, त्यातून x सुमारे 0.05 मोल. म्हणजे लिटरमागं जवळजवळ ७ ग्रॅम साका! साध्या पाण्यात १.९ मिलिग्रॅम होता. K लहान असूनही हुपरीकरांच्या डोळ्यांसमोर साका गायब होतो तो असा. तुमचा अमोनिया एक मोलपेक्षा कडक असणार, त्यामुळं आणखी जास्त.

10⁸³ सारख्या आकड्यासमोर तुम्ही किती घालता याला फारसं महत्त्व उरत नाही. 0.003 सारख्या आकड्यासमोर मात्र तुमच्या मापाला किंमत असते.

हुपरीकर
हे समजलं. आणि मीठ?

निवृत्त_प्रयोगशाळा
तुमचे वडील कंजूष नव्हते. मीठ नेमकं लागेल तेवढंच घातलं तर लिटरमागं दीड मिलिग्रॅम चांदी पाण्यात राहते. थोडं जास्त घातलं की क्लोराइड वाढतं, गुणाकार तोच राहायचा म्हणून चांदी घटते. इथवर फायदा आहे. पण मिठाचा मारा केला तर जादा क्लोराइड साक्यालाच धरून चांदीला परत पाण्यात ओढतं, अमोनियासारखंच, त्याच्या मानानं पुष्कळ दुबळं. गाढ्या मिठवणीत तुमची चांदी गटारात जाते. गुणाकाराच्या एका सूत्रावर भिस्त ठेवली तर हे दिसत नाही, कारण त्या सूत्राला हा दुसरा समतोल माहीतच नसतो.

पुरेसं झालं की नाही हे बघायला साका बसू द्या, वरचं नितळ पाणी परीक्षानळीत घ्या आणि मिठाच्या पाण्याचा एक थेंब सोडा. दुधाळ झालं तर चांदी अजून शिल्लक आहे.

हुपरीकर
वडील हेच करायचे, काचंच्या पेल्यात. अजून एक, साका आम्ही कढत पाण्यानं धुतो, घाण लवकर जाते म्हणून.

निवृत्त_प्रयोगशाळा
गार पाण्यानं धुवा. उकळत्या पाण्यात लिटरमागं २१ मिलिग्रॅमच्या आसपास साका विरघळतो, म्हणजे दहापटीहून जास्त. हा ‘स्थिर’ अंक तापमानाबरोबर बदलतो. मॅडम, शब्दातला ‘स्थिर’ तेवढ्यापुरता फसवा आहे खरा. तापमान तेच असेल तर स्थिर.

शब्दांचा_नाद
माझा आधीचा प्रतिसाद भलतीकडंच गेला होता. आता मुद्दा कळला. तराजूचं चित्रच अडचणीचं असेल तर ‘साम्यांक’ म्हणता येईल का? पण ‘साम्य’ म्हटलं की परत सारखेपणाच आला. 1864 मध्ये गुल्डबर्ग आणि वागे या नॉर्वेच्या दोघांनी हा विचार मांडला, तेव्हा त्यांना हा शब्दांचा त्रास झाला असेल का, कोण जाणे. ‘समवेगांक’ कसं वाटतं?

राजारामपुरी_शिकवणी
‘समवेगांक’ म्हटलं की मुलांना तो वेगाचा आकडा वाटेल, आणि K मोठा म्हणजे जोरात, ही चूक आणखी पक्की होईल. मला तर वाटतं शब्द तोच ठेवावा आणि तराजू पुसून टाकावा. पहिल्याच तासाला साका दाखवायचा.

उचगाव_प्लांट
मला ‘साम्यांक’ आवडला. बोलायला आटोपशीर आहे.

हुपरीकर
सर, तुम्ही एवढं सांगितलं म्हणून विचारतो. अमोनियात विरघळवलेली एक बाटली फळीवर हाय, गणपतीच्या आधीपासनं. तळाला काळपट थर दिसतोय. त्यात मीठ घालून चांदी परत मिळंल का?

निवृत्त_प्रयोगशाळा
त्या बाटलीला हात लावू नका. झाकण फिरवू नका, हलवू नका, ओतू नका. अमोनियातली चांदी साठवून ठेवली की हळूहळू काळा पदार्थ बनतो, तो जरा घासला तरी भडका उडून फुटतो. यात लोकांना इजा झालेल्या आहेत. K इथं काही सांगत नाही, तो फक्त साका आणि अमोनियाचं नातं सांगतो. ही दुसरीच अभिक्रिया शेजारी आपल्या गतीनं चालू असते. ताजं द्रावण असतं तर त्याच दिवशी नायट्रिक ॲसिड घालून साका परत पाडायचा असतो. काळा थर बसलेल्या बाटलीत आता तेही करू नका. सगळ्यांना खोलीबाहेर काढा, कुलूप लावा आणि अग्निशमन दलाला फोन करून ‘चांदी आणि अमोनियाची जुनी बाटली’ असं स्पष्ट सांगा.

हुपरीकर
कुलूप लावलं. पोरं मागच्या दारात खेळत होती, त्यांना काकांकडं पाठवलं. फोन करतोय.