हॉलच्या यादीत तारखा एकमेकींवर चढतात तेव्हा

> नवीन बुकिंगची पहिली किंवा शेवटची तारीख जुन्या बुकिंगच्या आत पडते का, एवढं बघतो. तरी मे महिन्यात एकाच हॉलला दोघं आले. काय राहतंय?

मोठं बुकिंग लहानाला पोटात घेतं, ते राहतंय. आमच्या गुहागरच्या हॉलवर हेच झालं. १२ ते १३ मे साखरपुडा लिहिलेला, मग मुंबईकर चाकरमान्यांनी १० ते १६ मे मागितला. १० आणि १६ दोन्ही बाहेर, म्हणून शीट गप्प.

उलट विचार करा. एक संपल्यावर दुसरं सुरू होत असेल तरच टक्कर नाही. म्हणजे जुन्याची सुरुवात नव्याच्या शेवटापर्यंत आणि जुन्याचा शेवट नव्याच्या सुरुवातीनंतर किंवा त्याच दिवशी असेल, तर टक्कर. A मध्ये हॉल, B मध्ये पासून, C मध्ये पर्यंत धरून D2 मध्ये:

```
=COUNTIFS($A$2:$A$500,A2,$B$2:$B$500,"<="&C2,$C$2:$C$500,">="&B2)
```

ओळ स्वतःलाही मोजते, त्यामुळे १ म्हणजे ठीक, २ किंवा जास्त म्हणजे भांडण. ० आलं तर बहुधा पासून-पर्यंत उलटं लिहिलंय. तारीख मजकूर म्हणून पडली असेल तर मात्र आकड्यावर विसंबू नका, `=ISNUMBER(B2)` ने तपासा.

सकाळी एक वऱ्हाड निघून संध्याकाळी दुसरं येत असेल, तर बरोबरीची चिन्हं काढायचा मोह होतो. नुसत्या तारखांवर ते करू नका: १४ ते १४ अशी दोन एकदिवशी बुकिंगं मग दिसतच नाहीत. आधी B आणि C मध्ये वेळही लिहा, मग `<` आणि `>` ठेवा.