मदत हवी आहे: ओरोवानचं उत्तर जास्त येतंय

मंडळी, शिरोलीत फाउंड्रीत आहे. ओव्हरएज झालेल्या अ‍ॅल्युमिनियम कास्टिंगचं गणित अडलंय. टीईएममध्ये कण 30 नॅनोमीटरचे, केंद्रापासून केंद्र 100. डिसलोकेशन वाकून निघते ती मधल्या फटीतून, म्हणून L = 70 धरला. (आधी 100 धरून फसलो होतो!)

`Δτ = Gb/L`

G 26 GPa, b 0.286 nm घेतलं तर 106 MPa. टेलर गुणक 3.06 लावून ओढताना 325. यूटीएमवर वाढ मात्र 235च.

`Δτ = 0.4Gb·ln(d/b) / (π√(1−ν)·L)`

ν 0.34 घेऊन आणि तोच टेलर गुणक लावून यातून 237 येतं. कणाच्या दोन्ही बाजूंचे डिसलोकेशनचे हात एकमेकांना ओढतात, त्यामुळे वाकणं सोपं होतं, एवढं कळलं. पण d कणाचा पूर्ण व्यास घ्यायचा, की स्लिप प्लेन कणाला जिथं कापतो तिथला सरासरी? दुसरा घेतला तर फटही बदलते ना? कुणी केलंय का?